पायाचा फोटो, पिशवी आणि मुंबईकरांचा ग्रुप

प्रश्न: मी देवगड तालुक्यात २५ खाटांच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. पावसाळ्यात सर्पदंश, विंचूदंश, भाताच्या कामात झालेल्या जखमा भरपूर येतात. तज्ज्ञ लांब, म्हणून आम्ही फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर मत घेतो. भरतीच्या फॉर्ममध्ये ‘फोटो काढण्यास हरकत नाही’ अशी ओळ आहे आणि चेहरा आम्ही टाळतोच. ट्रस्टी आता लेखी धोरण मागताहेत. एवढं पुरेसं नाही का? नसेल तर त्यात नेमकं काय लिहायचं?

उत्तर: पुरेसं नाही. का नाही ते आधी सांगतो, कारण ती चूक करणाऱ्यांत मी स्वतः होतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. लावणीचे दिवस होते. एका छोट्या रुग्णालयातून रात्री मला फोन आला. तिशीतली बाई, बांधावर डाव्या घोट्याला साप चावलेला, नातेवाइकांनी साप मारून डब्यातून आणलेला. ‘फोटो पाठव’ असं म्हणणारा मीच. तिथल्या तरुण डॉक्टरने पाय आणि शेजारी तो साप असा एकच फोटो काढला, खाली लिहिलं: वय, वाडीचं नाव, फुरसे, वीस मिनिटांच्या चाचणीत रक्त गोठत नाही, दहा आठवड्यांची गरोदर. मी वेळेवर बघेन की नाही याची त्याला खात्री नव्हती, म्हणून त्याने तोच फोटो डॉक्टरांच्या एका ग्रुपवरही टाकला. वैद्यकीयदृष्ट्या त्याचं काही चुकलं नव्हतं. सर्पविषावरचं औषध एएसव्ही लगेच सुरू झालं, बाई बरी झाली.

ग्रुपमधल्या एकाला साप फुरसेच आहे का याची शंका आली, म्हणून त्याने तो फोटो एका सर्पमित्राला पाठवला. सर्पमित्राने ‘शेतात जपून जा’ अशी ओळ जोडून आपल्या ग्रुपवर टाकला. तिथून तो गावच्या ग्रुपवर गेला, आणि गावच्या ग्रुपात अर्धे लोक मुंबईला असतात हे तुम्हाला सांगायला नको. सकाळी नऊच्या आत तिच्या नवऱ्याचा रुग्णालयात फोन: माझी बायको गरोदर आहे हे मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळायचं काय? आधीचं एक मूल पोटातच गेलं होतं, म्हणून यावेळी तीन महिने होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही असं तिने ठरवलं होतं. तिचा चेहरा फोटोत कुठेच नव्हता. पण खाटेच्या कोपऱ्यात एक पिवळी कापडी पिशवी होती, त्यावर वाडीच्या मुंबई मंडळाचं नाव छापलेलं. त्या वाडीत त्या रात्री साप एकाच बाईला चावला होता.

या साखळीत एकही माणूस वाईट हेतूचा नव्हता. म्हणून ‘कर्मचाऱ्यांनी गोपनीयता पाळावी’ हे वाक्य धोरणात लिहून काही होत नाही. ती सगळे आपापल्या समजुतीने पाळतच होते. धोरणात लिहायचं ते फोटोच्या वाटेबद्दल: तो कशावर निघाला, कोणाकडे गेला, कुठे उरला.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण ट्रस्टी विचारतील. वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारसंहितेचे नियम आजही लागू आहेत. त्यात ७.१७ क्रमांकाचं कलम म्हणतं की ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचा फोटो वा केस त्याच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करायची नाही, आणि ओळख उघड होत नसेल तर संमतीची गरज नाही. आपले लोक या दुसऱ्या अर्ध्या वाक्यावर टेकतात. पण ते कलम नियतकालिकांतल्या प्रसिद्धीसाठी लिहिलेलं आहे. आणि मुंबईच्या गर्दीत ज्या पायाची ओळख पटत नाही, तो चाळीस घरांच्या वाडीत लगेच ओळखला जातो. २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने समाजमाध्यमांबद्दल सविस्तर नियम काढले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले, म्हणून त्यांचा आधार धोरणात देऊ नका. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचना मात्र उपयोगाच्या आहेत. एका डॉक्टरने दुसऱ्याचं मत घेणं त्यात मान्य आहे, जबाबदारी खाटेशेजारी असलेल्या डॉक्टरचीच राहते, आणि रुग्णाच्या छायाचित्रांचा गैरवापर हा गैरवर्तनात मोडतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. त्यातली संमतीची कल्पना अशी की ती मोकळेपणाने दिलेली, विशिष्ट कामापुरती आणि जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता येणारी हवी. तुमच्या भरतीच्या फॉर्ममधली ती ओळ यातल्या एकाही कसोटीला उतरत नाही. ती काढून टाका.

तिच्या जागी काय? फोटोचे उपयोग तीन आहेत, आणि तिन्हींसाठी संमती वेगळी घ्यायची. पहिला, उपचारासाठी: मत घेणं आणि केसपेपरात नोंद ठेवणं. दुसरा, शिकवण्यासाठी: सभेत दाखवणं, विद्यार्थ्यांना देणं. तिसरा, प्रसिद्धीसाठी: रुग्णालयाचं पान, वर्धापनदिनाची पुस्तिका, देणगीदारांना पाठवायचं पत्रक. पहिल्याला तोंडी संमती पुरते, ती केसपेपरात वेळ घालून लिहायची. दुसऱ्याला आणि तिसऱ्याला सही हवी, वेगवेगळ्या कागदांवर, आणि ती भरतीच्या रात्री मागायचीच नाही. कळ येत असताना माणूस कशावरही अंगठा उठवतो. घरी सोडण्याच्या दिवशी, बिलाचा विषय संपल्यावर, फोटो प्रत्यक्ष दाखवून विचारा. आम्ही असं सुरू केल्यावर ‘नको’ म्हणणाऱ्यांची संख्या वाढली. म्हणजे आधीच्या ‘हो’ची किंमत काय होती ते कळलं.

तोंडी संमती म्हणजे ‘फोटो काढू ना?’ एवढंच नाही. आमच्या सिस्टर जे बोलतात ते जवळजवळ शब्दशः असं: ‘वहिनी, तुमच्या पायाचा फोटो काढते. तोंड येणार नाही. हा रत्नागिरीच्या एका डॉक्टरांना, त्यांना एकट्यानाच, पाठवणार, औषध ठरवायला. एक प्रत तुमच्या कागदात राहील. नको म्हणालात तरी उपचार हेच होणार. काढू?’ यात कशाचा, कोणाला, कशासाठी, कुठे राहणार आणि नकार दिला तर काय, ही पाचही उत्तरं आहेत आणि अर्धं मिनिट लागतं. एकदा एका बाईने उत्तर दिलं, ‘काढा, पण माझ्या दीराक दाखवू नकात.’ दीर दारातच उभा होता. ही संमती खरी, कारण तिला अट घालता आली. सिस्टरने ती अट केसपेपरावर लिहिली आणि दिराला बाहेर चहाला पाठवलं.

रुग्ण बेशुद्ध असेल तर जीव वाचवण्यासाठी मत घ्यायला फोटो पाठवा, थांबू नका. नातेवाइकाला सांगा, आणि शुद्धीवर आल्यावर रुग्णाला सांगून तशी नोंद करा. त्याच्या बेशुद्धीत काढलेला फोटो त्याच्या शब्दाशिवाय शिकवण्यात वापरायचा नाही. अठरा वर्षांखालच्यांसाठी आई किंवा वडील, पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला स्वतःलाही विचारा. लैंगिक अत्याचाराची केस असेल तर फोनला हातच लावायचा नाही, मग मूल असो वा मोठी बाई. त्या तपासणीची नोंद ठरलेल्या पद्धतीने होते आणि पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. एचआयव्हीचा उल्लेखही फोटोखाली कधी नको, २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने ती माहिती गोपनीय ठेवावी लागते.

आता फोटो काढण्याबद्दल. वाईट फोटो हाही गोपनीयतेचा प्रश्न आहे, कारण तो कळला नाही की पलीकडचा डॉक्टर आणखी चार मागतो आणि वाटेवर चारपट गोष्टी उरतात. सर्पदंशासाठी तीन पुरतात. एक, दोन्ही पाय गुडघ्यापासून शेजारी शेजारी, म्हणजे सूज तुलनेने दिसते. दुसरा, दंशाची जागा हातभर अंतरावरून, शेजारी पट्टी ठेवून. तिसरा तोच जवळून, फ्लॅश बंद, उजेड बाजूने. सुजेची वरची कड पेनाने आखून त्यावर वेळ लिहा. दोन तासांनी दुसरी रेघ कुठे गेली हे फोटोत जितकं बोलतं तितकं कुठलंच वर्णन बोलत नाही. खाली ऑपरेशन थिएटरमधला साधा हिरवा कपडा अंथरा. त्याने रंग नीट येतो, आणि खाट, चादर, साडीचा काठ, पिशवी सगळं झाकलं जातं. जोडवी, पैंजण, गोंदण, हातावरचं बदामातलं नाव, हे चेहऱ्याइतकेच बोलके असतात. काढता येतं ते काढा, नाही ते झाका.

सापाचा फोटो वेगळा काढा. सापाला संमती लागत नाही, आणि त्याचा उपयोग खरा आहे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर आपलं एएसव्ही चालतं, हिरव्या चापड्यावर नाही. तो फोटो सर्पमित्रालाही खुशाल पाठवा. फक्त त्यात रुग्णाचं बोटही येऊ देऊ नका, आणि गावाचं नाव नको. आमच्या त्या रात्री हे दोन फोटो वेगळे असते तर पुढचं काहीच घडलं नसतं.

एक्सरे आणि ईसीजीचं अगदी साधं: कोपऱ्यात नाव, वय छापलेलं असतं. पाठवण्याआधी त्यावर चिकटपट्टी लावा. फोनमध्ये नंतर रंग फासण्यावर विसंबू नका, हलक्या मार्करने काळं केलेलं नाव उजेड वाढवला की वाचता येतं.

मग ओळख पूर्ण पुसायची का? नाही, आणि इथे नवखे लोक उलट्या बाजूला घसरतात. एका रात्री दोन सर्पदंश आले, दोन्ही डावे पाय, दोन्ही फोटो निनावी, आणि मत भलत्याच केसपेपरात उतरलं, असं होऊ शकतं. म्हणून कागदाच्या चिठ्ठीवर आयपीडी नंबरचे शेवटचे तीन आकडे आणि वेळ लिहून ती चिठ्ठी फोटोतच ठेवा. तो आकडा तुमच्या रजिस्टरशिवाय कोणालाच काही सांगत नाही.

फोनबद्दल ट्रस्टींना थोडा खर्च सांगा. रुग्णालयाचा एक स्वतंत्र स्मार्टफोन घ्या, कुलूप असलेला, ड्यूटी रूममध्ये राहणारा. त्यात फोटोंचा क्लाउड बॅकअप बंद ठेवा. आपल्या खाजगी फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली छायाचित्रं आपोआप गॅलरीत उतरतात आणि तिथून कधी कधी घरच्या टीव्हीवर, मुलांच्या वाढदिवसाच्या फोटोंमध्ये. हे थांबवायला चॅटच्या सेटिंगमधलं Media visibility बंद करावं लागतं, आणि ते तुमच्याच नव्हे, पलीकडच्या तज्ज्ञाच्या फोनवरही. त्यांना एकदा फोन करून सांगा, संकोच करू नका. संदेश वाटेत सांकेतिक रूपात जातो हे खरं, पण आमचं प्रकरण वाटेत फुटलं नव्हतं, टोकाला फुटलं होतं.

अजून एक बारकावा. साधा फोटो म्हणून पाठवलं तर अ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि त्याला चिकटलेली जागेची माहिती गळून पडते. Document म्हणून पाठवलं तर स्पष्टता पूर्ण राहते, एक्सरेतली बारीक भेग दिसते, पण फोटोला चिकटलेलं सगळं तसंच जातं. म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ठिकाणाची नोंद कायमची बंद करा, मग हव्या त्या रीतीने पाठवता येईल. एकदाच उघडणाऱ्या फोटोचा पर्याय मला उपचारासाठी आवडत नाही. तज्ज्ञाला रात्री दोन वाजता पाहिलेली सूज पहाटे पाचच्या सुजेशी ताडायची असते.

ग्रुपवर टाकायचं नाही. हा एक नियम मोडला तर बाकीचे पाळून उपयोग नाही. ज्यांच्याकडे मत मागायचं त्या तीन-चार डॉक्टरांची नावं आधी ठरवा, त्यांची संमती घ्या, क्रम लावा. पहिल्याने पंधरा मिनिटांत उत्तर दिलं नाही तर त्याला साधा फोन, मग दुसरा. आमच्या त्या तरुण डॉक्टरने ग्रुपवर टाकलं ते भीतीने, आणि त्या भीतीवर उत्तर म्हणजे ही यादी. सरकारची ई-संजीवनी सेवा डॉक्टर-ते-डॉक्टर सल्ल्यासाठी आहे आणि दिवसा, ठरवून घ्यायच्या मतासाठी ती चांगली. आपल्याकडे श्रावणात रात्री रेंजच धड नसते तेव्हा फोनवरचं बोलणं आणि एक हलका फोटो हेच चालतं, हे धोरणात कबूल करा. न पाळता येणारं लिहिलं की पाळता येणारंही पाळलं जात नाही.

फोटोखालचा मजकूर फोटोइतक्याच काळजीने लिहा. त्या रात्रीचा फोटो मी आज मागवला असता तर खाली असं हवं होतं: ‘४१७, २२.४०. स्त्री, तिशी. डावा घोटा, दंश १९.३० सुमारास. सूज पिंढरीच्या मध्यापर्यंत. २० मिनिटांची चाचणी: गोठत नाही. एएसव्ही सुरू. बाकी फोनवर.’ गरोदरपण मला कळायला हवं होतं, नक्कीच, पण ते बोलून. लिहिलेलं पुढे ढकलता येतं, फोनवरचं बोलणं तितकं सहज नाही.

मत आलं की ते केसपेपरात उतरवायचं: कोणाचं, किती वाजता, काय सांगितलं, आपण त्यातलं काय केलं. फोटो केबलने रुग्णालयाच्या संगणकावर, त्या आयपीडी नंबरच्या फोल्डरमध्ये. मग फोनवरून पुसायचा, आणि ‘अलीकडे पुसलेले’ या कप्प्यातूनही, नाहीतर तो तिथे महिनाभर बसून राहतो. तज्ज्ञालाही पुसायला सांगायचं. हे काम रोज सकाळी ड्यूटी बदलताना, रजिस्टरवर सही घेऊन. चॅट म्हणजे रेकॉर्ड नव्हे. २००२ च्या नियमांप्रमाणे भरती रुग्णाची कागदपत्रं तीन वर्षं ठेवावी लागतात आणि मागितल्यास ७२ तासांत द्यावी लागतात. फोन समुद्रात पडला म्हणून त्यातून सुटका नाही.

फुटलंच तर? पाठवणाऱ्याने लगेच Delete for everyone करावं, त्याला सुमारे अडीच दिवसांची मुदत असते, पण कोणी गॅलरीत उतरवलं किंवा पुढे पाठवलं असेल तर ते त्याने पुसत नाही. पुढे कोणाकडे गेला ते फोन करून शोधायचं आणि नावं लिहून ठेवायची. आणि त्याच दिवशी रुग्णाला आपण होऊन सांगायचं, नवऱ्याचा फोन येण्याआधी. आमच्या प्रकरणात रुग्णालयाने दोन दिवस ‘आमच्याकडून गेला नाही’ असं म्हटलं. बाईला फोटोपेक्षा ते जास्त लागलं होतं.

संमती मागे घेणाऱ्याला काय सांगायचं, हेही लिहा, आणि खरं लिहा: शिकवण्याच्या संचातून फोटो काढून टाकू, ज्यांना दिला त्यांना कळवू, पण केसपेपरातली उपचाराची प्रत नियमाप्रमाणे राहील, आणि जो बाहेर पसरला तो परत आणू शकत नाही. हे शेवटचं वाक्य सही घेण्याआधी वाचून दाखवा.

नातेवाईक वॉर्डात व्हिडिओ काढतात त्याबद्दल एक पाटी पुरे: शेजारच्या खाटेवरचा माणूस फोटोत येता कामा नये. कर्मचाऱ्यांच्या रील्सना वॉर्डात बंदी, त्यावर चर्चा नको.

धोरण दोन पानांच्या वर जाऊ देऊ नका, मराठीत लिहा, आणि मावशी-वॉर्डबॉयपर्यंत सगळ्यांना बसवून वाचून दाखवा. पण ते लिहायला बसण्याआधी एक दुपार काढा आणि सगळ्यांनी आपापले फोन उघडा. आम्ही हे केलं तेव्हा माझ्या स्वतःच्या फोनमध्ये सहा वर्षांपूर्वीच्या एका हाताचा फोटो निघाला. हात कोणाचा ते मला आठवेना, कारण चिठ्ठी नव्हती. खाली मात्र गावाचं नाव स्पष्ट होतं.